निम्मा धोका

सत्तरच्या दशकात सोलापुरात माझा लहानसा दवाखाना होता. औषध कंपनीच्या माणसाने एक चकचकीत पत्रक दिलं होतं. त्यावर ठळक छापलं होतं, 'हृदयविकाराचा झटका पन्नास टक्क्यांनी कमी'. मोहोळच्या एका मास्तरांच्या छातीत कधी दुखलं नव्हतं, फक्त रक्तातली चरबी वाढली होती. त्या पत्रकाच्या भरवशावर मी त्यांना गोळ्या सुरू केल्या. "निम्मा धोका जाईल," असं ठासून सांगितलं.

दोन वर्षांनी मास्तर झटक्यानेच गेले. त्यांच्या पत्नी उरलेल्या गोळ्या परत द्यायला आल्या.

"लेकीच्या लग्नात दोन दिवस गोळी चुकली. त्यानंच झालं का, डॉक्टर?"

"नाही हो, वहिनी."

गोळीने धोका निम्माच जातो, पुरता नाही, हे त्यांना दाखवायला मी पत्रक काढलं. मागचा बारीक अक्षरांतला तक्ता तेव्हा कुठे नीट वाचला आणि माझी मलाच चीड आली. पाच वर्षांत गोळी न घेणाऱ्या शंभरांतल्या दोघांना झटका आला होता, घेणाऱ्या शंभरांतल्या एकाला. दोनाचा एक झाला, म्हणून पन्नास टक्के. शंभर जणांनी गोळ्या खाल्ल्या, तेव्हा वाचला एक.

मी ते सगळं त्यांना सांगितलं.

"म्हंजे अठ्ठ्याण्णव जणांना गोळीबिगर बी काय झालं नसतं?"

"नसतं."

त्यांनी गोळ्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

"गोळीनं त्यांना लई मळमळायचं. भरल्या ताटावरनं उठायचे. तरी मी दटावून गोळी द्यायची. हे आधी सांगितलं असतं, तर दोन वर्षं सुखानं जेवू तरी दिलं असतं की."