अकरा नव्वदची मिसळ

शिरीषभाऊजी, माझ्या ताईचे यजमान, जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात गिअरबॉक्स तपासायचे. केसभर फरक दिसला की सुटा भाग जमिनीवर आपटायचे. घरी दारं आपटायचे.

२०२५ साली नोकरी सोडून ते मिसळीचं हॉटेल काढायला निघाले. मी टॅक्स सल्लागाराकडे काम करते, म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी रिकाम्या गाळ्यात ताईसमोर त्यांनी मला हिशेब दाखवला. प्लेट अकरा युरो नव्वदला, नफा दीड युरो. खरेदी मांडली होती कर वगळून, विक्री मात्र करासकट.

"भाऊजी, पुण्यात बिलाखाली जीएसटी चढतो. इथे मेन्यूतल्या किमतीतच एकोणीस टक्के कर असतो. प्लेटमागे एक युरो नव्वद फिनान्झआम्टचे, म्हणजे कर कचेरीचे."

"कर गिऱ्हाइकाचा आहे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर! मग तुमच्या विक्रीत कशाला धरलात? शिवाय बिअरचा परवाना, सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीचा उपसा, कॅश मशीनमधली सक्तीची प्रमाणित नोंदयंत्रणा, यातलं काहीच धरलं नाहीत."

त्यांनी हॉटेलसाठी आणलेल्या खोक्यातली प्लेट भिरकावली. माझी भुवई फुटली, डोळ्यात रक्त ओघळलं. दुसरी भिंतीवर फुटली.

"फोडा!" मी किंचाळले. "मिसळ विकलीत तर दर प्लेटला चाळीस सेंट जातील. फोडलीत तर एकदाच काय ते नुकसान!"

त्यांचा हात वरच थांबला.

जन्मात कधी दार न आपटलेल्या ताईने खोक्यातली प्लेट उचलली आणि त्यांच्या पायाशी फोडली.

"सही करायची नाही," ती म्हणाली आणि पुढची प्लेट उचलली.