मैलकुल्याच्या आठ ओळी

महाडला एका फोटो स्टुडिओत मी फोटोंवरच्या ओळी लिहायचं काम करते. दुकानांच्या, लग्नांच्या, निवडणुकीच्या पोस्ट. एके दिवशी एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी एक मुलगी कामाची पाळी संपवून आली. तिचे वडील आंबेनळी घाटात मैलकुली होते, म्हणजे रस्त्यावरची दरड, दगड, गवत काढणारे कामगार. ते नुकतेच निवृत्त झाले होते.

"ताई, आठ फोटो आहेत. एकामागून एक सरकवत जाता येतात तशी पोस्ट करायचीय. प्रत्येकावर एक ओळ."

मी तासाभरात लिहून दिलं. 'घाटाचा राजा'. 'जीव धोक्यात घालून बजावलेलं कर्तव्य'. 'निःस्वार्थ सेवेला सलाम'. प्रत्येक ओळ आपल्या जागी पूर्ण होती, आणि तीच चूक होती. पहिलीतच सगळं कळलं तर माणूस दुसऱ्या फोटोकडे जाईल कशाला? हे मला माहीत होतं. तरी घाईत लिहिलं.

दोन दिवसांनी ती वडिलांनाच घेऊन आली. त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून सगळं ऐकून घेतलं.

"जीव कुठं घातला मी, बाय? दगड उचलला आन् बाजूला टाकला."

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. रात्री पाऊस झाला की पहाटे निघायचं, पहिली एसटी यायच्या आत वळण मोकळं करायचं. फोटो पुढे सरकवताना मी एक गाळला. त्यात नुसता दगडी कठडा होता, माणूसच नव्हता.

"तो ठेव," ते म्हणाले. "तितं आमी भाकरी खायचो."

"आमी म्हणजे?" मुलीने विचारलं.

"मी आन् तुजी आय. ती येयाची ना मदतीला. पावसात येकट्यानं नाय व्हायचं."

दोन वर्षांपूर्वी वारलेली आई भाकरी पोचवायला घाटात जायची, एवढंच मुलीला ठाऊक होतं.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"कागदावर मी एकलाच होतो. सायबाला कळलं असतं तर?"

ते गेल्यावर मी जुन्या ओळी पुसल्या. मराठीत एक सोय आहे: 'ते' म्हणजे आदराने एक माणूस, आणि 'ते' म्हणजे अनेक माणसंसुद्धा. ती सोय वापरायची ठरवलं. फोटोत जे दिसतंय ते ओळीत सांगायचं नाही, आणि प्रत्येक ओळीने पुढच्या ओळीसाठी थोडं शिल्लक ठेवायचं. दुसरी ओळही एकटी उभी राहील अशी हवी होती, कारण पहिला फोटो न सरकवता कुणी पुढच्या पोस्टकडे गेलं तर ॲप कधी कधी त्याला नंतर दुसऱ्या फोटोपासून तीच पोस्ट दाखवतं.

रात्री पाऊस झाला की ते पहाटेच निघायचे.
पहिली एसटी यायच्या आत वळण मोकळं करायचे.
गाड्या जायच्या. काच खाली करून कुणी बघायचं नाही.
त्यांनीही कधी कुणाला हात दाखवला नाही.
ऊन चढलं की जरा थांबायचे.
या कठड्यावर एक भाकरी दोघांत मोडायचे.
नोकरी एकाची होती. दगड दोघांनी उचलले.
सत्काराला ते एकटेच गेले.

सहावी ओळ कठड्याच्या रिकाम्या फोटोवर होती, आठवी निवृत्तीच्या सत्कारातल्या शाल-नारळाच्या फोटोवर. मुलीने फोनवर सगळ्या ओळी दोनदा वाचल्या. मग म्हणाली, "टाका."

पोस्ट भराभर पुढे गेली. घाटातून गाडी नेणाऱ्या चालकांनी लिहिलं, पोलादपूरच्या शिक्षिकांनी लिहिलं. बहुतेकांच्या मनाला शेवटची ओळ लागली होती.

आठवड्याने ते पुन्हा आले, मुलीसोबतच. तिने एकेक फोटो सरकवत त्यांना वाचून दाखवलं. सातव्यापाशी त्यांनी मान डोलावली. आठव्यापाशी म्हणाले, "येकटा कुठं गेलो? ही होती ना शेजारी. रजा काढून आल्ती."

मुलगी घाईने म्हणाली, "राहू दे बाबा. छान वाटतंय लोकांना."

मला आधीच माहीत असायला हवं होतं. सत्काराचा तो फोटो तिनेच काढला होता, म्हणजे ती तिथे होतीच. शेवटाला जोर हवा म्हणून मी तिला त्या कार्यक्रमातून काढून टाकलं होतं, आणि तिनेही ते चालवून घेतलं होतं.

ओळ फोटोवरच छापलेली असल्याने ती नुसती बदलता येत नव्हती. मी पोस्ट काढून टाकली. पोस्टबरोबर लोकांनी लिहिलेलं सगळं गेलं. शेवटचा फोटो नव्याने करून आठही पुन्हा टाकले. आता शेवटी होतं: 'सत्काराला लेक शेजारच्या खुर्चीवर बसली.'

या वेळी पोस्ट फारशी कुणी पाहिली नाही. स्टुडिओचे मालक चिडले, चालती पोस्ट कुणी काढतं का म्हणाले. मुलीने मात्र ती आठ चित्रं आपल्या फोनमध्ये उतरवून घेतली आणि वडिलांना पोलादपूरच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेली.