लाल यादीतली सत्त्याण्णव नावं

एकदा जालन्याच्या बियाणं कंपनीत शिरल्यावर रजनीची सतरा वर्षं कशी गेली ते तिलाच कळलं नाही. कृषी पदवी घेऊन ती आली तेव्हा शेतकऱ्यांकडचे कंपनीच्या बियाण्याचे प्लॉट बघायला बांधाबांधाने फिरायची. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा कंपनीने तिला एमआयडीसीतल्या ऑफिसात बसवलं, आणि यंदा गळ्यात एक ॲप बांधलं.

ॲप साधं होतं. शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं घेणाऱ्या शेतकऱ्याने आठवड्यातून एकदा नोंद करायची: किती फुलांचं क्रॉसिंग म्हणजे हाताने परागीकरण झालं, मजूर किती, नकोशी फुलं काढली का, असे अकरा रकाने, आणि शेवटी नेटचा एक फोटो. चारशे बारा जणांच्या फोनमध्ये ॲप गेलं, त्याला तीन आठवडे झाले होते. आणि सोमवारी सकाळी तिचे मॅनेजर गिरिधर सरांनी तिच्यासमोर यादी टाकली.

"सत्त्याण्णव जणांनी दोन आठवड्यांत एकही नोंद केलेली नाही. लाल केलीयेत नावं. पुढच्या हंगामाला त्यांना प्लॉट द्यायचा नाही. शनिवारी यादी वर जाणार."

"सर, नोंद नाही म्हणजे काम नाही असं कसं?"

"मग काय म्हणायचं? ॲप तर मस्त चाललंय. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांकडे एकदाही बंद पडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी परत येणारे फक्त अकरा टक्के, तेवढं वाढवा. अवधूतला सांगा, रोज तीन वेळा सूचना पाठव."

रजनीने यादी उचलली. रात्रभर तिला झोप नव्हती. मुलगी आकांक्षा पुण्याला हॉस्टेलवर, आठवडाभर "ठीक आहे" एवढंच उत्तर पाठवत होती. त्या दोन शब्दांच्या मागे काय असेल याचा विचार करून तिचं डोकं जड झालं होतं. आता वर ही लाल नावं. पाचव्या ओळीत आसराबाई होती, जाफराबादकडची. दहा वर्षं जिच्या बियाण्यात कधी भेसळ सापडली नव्हती, ती.

अवधूत हा त्यांचा एकुलता एक प्रोग्रॅमर. डबा उघडून बसला होता.

"रजनीताई, माझ्याकडे दोनच आठवडे आहेत. सगळ्यात मोठा आकडा आधी धरतो. भाषा बदलायच्या पानावर एकशे चाळीस वेळा बंद पडलंय."

"किती जणांकडे?"

त्याने घास थांबवून बघितलं. "...दोघांकडे. त्यात एक आपला बबलू, गावोगाव लोकांच्या फोनात ॲप टाकून देणारा. नवीन फोन घेतलाय, बसून दाबत असंल."

"म्हणजे एका माणसाचा उद्योग. तो राहू दे. आणि दुसऱ्या दिवशी कोण परत येईल रे? नोंद आठवड्याची आहे. आठवड्याने आठवड्याचा आकडा काढ."

त्याने काढला. एकसष्ट टक्के. वाईट नव्हता. पण लाल नावं तिथेच होती. रजनीने त्याला प्रत्येकाची शेवटची खूण काढायला लावली: गप्प होण्याआधी माणसाने ॲपमध्ये कुठे बोट ठेवलं होतं. दुपार गेली. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आणि सेहेचाळीस वर्षांची बाई, दोघं एका पडद्याकडे डोळे ताणून बसले.

सत्त्याण्णवमधल्या एकोणसाठ जणांनी ॲप टाकलं त्याच दिवशी उघडलं होतं, पुढे काहीच नाही. उरलेल्या अडतीस जणांची शेवटची खूण एकच निघाली. कॅमेऱ्याचं बटण. त्यानंतर फोटो जपल्याची खूण नाही.

"पण इथे बंद पडल्याची तक्रार एकही नाही," अवधूत म्हणाला. "बंद पडलं असतं तर पुढच्या वेळी उघडल्यावर आपोआप रिपोर्ट आला असता."

"आणि पुढच्या वेळी उघडलंच नाही तर?"

"तर येणार नाही. पण अडतीसच्या अडतीस? त्यातले काहीजण तीनतीन वेळा उघडून गेलेत."

मंगळवारी रजनी जीपने जाफराबादला निघाली. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक शिलाई मशीन. गावात पोचेपर्यंत कंबर मोडली.

आसराबाई नेटमध्ये फुलांना दोरे बांधत होती. क्रॉसिंग झालेल्या फुलाची ती खूण. रजनीला बघून ती उठली नाही, तोंडानेच स्वागत केलं.

"या मॅडम. लई दिसांनी. नाव काटलं ना माझं? बबलू सांगून राह्यला व्हता."

"अजून नाही काटलं. ॲप का भरत नाही तुम्ही?"

"भरत न्हाई? तीन वेळेला भरलं! तुमचं ते येडं हाय. चला, दाखवते."

तिने पदराला हात पुसले आणि फोन काढला. काच तडकलेली, फोन पाच वर्षांचा, दोन जीबी मेमरीचा. बिलकुल न चुकता तिने अकराच्या अकरा रकाने भरले. मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं, नेटचा फोटो काढला, बरोबरची खूण दाबली. ॲप आलं ते पहिल्या पानावर. रकाने कोरे.

"पाहा. परत पयल्यापासून. मंग मी म्हणलं, मरू दे. वही हाय ना माझी."

रजनी तिथेच बांधावर बसली. ॲप पडत नव्हतं. कॅमेरा उघडला की छोट्या फोनची मेमरी पुरत नव्हती, आणि मागे थांबलेल्या ॲपला फोनच गुपचूप काढून टाकत होता. म्हणून तक्रारीच्या यादीत काही नव्हतं. जेवढा फोन गरीब, तेवढा तो गप्प.

आसराबाईने वही आणून दिली. जुलैपासून रोजची ओळ. "बघा बराबर हाय का. आन् चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

परतीच्या जीपमधून तिने अवधूतला फोन केला.

"ताई, माझ्या फोनला आठ जीबी आहे. माझ्याकडे कधीच झालं नसतं. कॅमेरा उघडायच्या आधीच सगळे रकाने फोनमध्ये जपून ठेवतो, परत आल्यावर भरून देतो. दोन दिवसांचं काम आहे. सूचनांचं काय?"

"ज्यांची नोंद तीनदा पुसली गेली त्यांना रोज तीनदा आठवण करून द्यायची? नको."

बुधवारी ती गिरिधर सरांपुढे उभी राहिली. तिने अडतीस नावं वेगळी करून ठेवली, आसराबाईच्या वहीचे फोटो ठेवले. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"अडतीस सोडतो. दहा दिवस देतो, यादी थांबवतो. पण बाकीचे एकोणसाठ? त्यांची काय खूण आहे तुमच्याकडे?"

"काहीच नाही."

"मग?"

"खूण नाही, हेच सांगतेय सर. बबलूला विचारलं मी. एका संध्याकाळी पारावर बसून त्याने साठेक फोनांत ॲप टाकलं, त्याला आकडा पुरा करायचा होता. त्यांना ते कशाला आहे हेसुद्धा कुणी सांगितलं नसेल. नाव काटायच्या आधी एक फोन तरी करू."

"कोण करणार एवढे फोन?"

रजनीने एकोणसाठ नावांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तिला उत्तर माहीत होतं, सरांनाही.

"करा मग. दहा दिवसांनी जे लाल उरतील त्या सगळ्यांना एकदमच करा, तोवर यादी माझ्याकडे राहील," सर म्हणाले.

शुक्रवारी नवं ॲप आधी थोड्याच फोनांवर सोडलं, सोमवारी सगळ्यांना. रजनी रोज सकाळी चहाआधी अडतीस नावं बघायची. दहातल्या पाचव्या दिवशी आसराबाईचं नाव हिरवं झालं, फोटोत नेटच्या कोपऱ्यात तिचा अंगठाही आला होता. दहाव्या दिवशी सव्वीस हिरवी. बारा अजून लाल. त्यांच्या फोनवर नवं ॲप पोचलंच नव्हतं, की त्यांनी कंटाळून काढूनच टाकलं होतं, हे पडद्यावरून कळत नव्हतं, फोनच करायला हवा होता.

तिने आधी आकांक्षाला फोन लावला. मेसेज नाही, फोन. खूप वेळ वाजल्यावर ती उचलून म्हणाली, "आई, ठीक आहे म्हटलं ना," आणि मग रडायलाच लागली. अर्धा तास गेला. शनिवारी पुण्याला येते असं सांगून रजनीने फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं.

मग ते बारा आणि हे एकोणसाठ, असा एकाहत्तर नंबरांचा कागद पुढे ओढला. पहिला बंद. दुसरा उचलला गेला.

"हॅलो, कडूबा भाऊ का? कंपनीतून रजनीताई बोलते. नाही नाही, नाव काटलेलं नाही. आधी मला सांगा, तुमचा फोन कोणता आहे?"