गाढवाच्या खुरातला खडा

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी सगळी इमारत त्यांना टायपिस्टबाईच म्हणायची. विम्याच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म इंग्रजी पत्रं ठोकण्यात घालवला. साहेब भरभर सांगायचे आणि बाईंची बोटं त्याहून भरभर चालायची. त्यामुळे इंग्रजी त्यांच्या बोटांत भिनलेलं होतं, तोंडात मात्र कधी आलंच नाही. साहेब सांगताहेत आणि बाई ऐकताहेत, अशा नोकरीत तोंडाचं कामच काय?

आता साहेब नव्हते, कचेरी नव्हती. यजमान जाऊनही बराच काळ लोटला होता. उरली होती ती दोन खोल्यांची जागा, कचेरीनं मोडीत काढलेला आणि बाईंनी हट्टानं घरी आणलेला टाइपरायटर, आणि रविवार. रविवारी परदेशातून मुलाचा फोन यायचा, पडद्यावर तोंडं दिसणारा. बाकीचे वार आपले आले तसे जायचे. दूधवाला, गच्चीवरून उतरणारी शेजारीण, कुणीही विचारलं, "कशा आहात?" की बाई म्हणायच्या, "मजेत!" इतक्या चटकन, की विचारणाऱ्याला दुसरा प्रश्न सुचायचाच नाही.

मुलाची मुलगी सात वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बाईंनी तिचं नाव मुंगी पाडलं, आणि ते चिकटलं. मुंगीला मराठीतलं 'आजी' तेवढं यायचं, पुढचं सगळं इंग्रजी. त्यामुळे रविवारच्या फोनवर मुंगी यायची, "हाय आजी" म्हणायची, हात हलवायची आणि पळायची. आजी बिचारी पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची. या खेपा दिवसेंदिवस आखूड होत चालल्या होत्या, हे बाईंना कळत होतं. एक दिवस मुंगी यायचीच बंद होईल, आणि त्यात पोरीचा काही दोष नसेल, हेही कळत होतं. जिच्याशी बोलताच येत नाही, तिच्यापाशी पोर थांबणार तरी किती?

अशात मुलगा म्हणाला, "आई, मुंगीला शाळेत एक काम दिलंय. घरातल्या मोठ्या माणसाकडून एक छोटी बोधकथा ऐकायची आणि वर्गात आपल्या शब्दांत सांगायची. त्यातून काय शिकलो, तेही सांगायचं. तिच्या आईकडची आजी सांगेल म्हणा, पण मुंगी म्हणते, आधी तुला विचारू. मात्र इंग्रजीत हं."

"त्यात काय," बाई म्हणाल्या. "जन्मभर इंग्रजीच तर केलं."

गोष्ट त्यांनी स्वतःच रचली, आणि मुंगीसाठीच रचली. आदल्या रविवारी सून सांगत होती, "आई, काय करावं या मुलीचं? बूट भिजले होते, दिवसभर तशीच बसली. शाळेतल्या बाईंनी विचारलं तर म्हणे, आय अ‍ॅम फाइन. घरी आली ती शिंकतच." बाईंच्या मनात ते रुतून बसलं होतं. म्हणून गोष्टीत एक गाढव आलं. त्याच्या खुरात खडा शिरतो, पण ते कुणाला सांगत नाही.

पहिल्या रविवारी काय झालं, ते सांगायचं म्हणजे बाईंची थोडी फजिती करणं आलं. त्या पदर सारखा करून बसल्या आणि सुरू झाल्या, "वन्स अपॉन अ टाइम देअर वॉज अ डाँकी, हू वॉज एंगेज्ड इन द ट्रान्सपोर्टेशन ऑफ सॅक्स." पुढे गाढवाला खड्याचा 'इनकन्व्हीनियन्स' झाला. गाढवानं शेळीला 'इन्फॉर्म' केलं, की काळजीचं कारण नाही. 'नेव्हरदलेस' दोनदा आलं. गाढव विम्याचा दावा दाखल करायला निघालं असावं, असं कुणालाही वाटलं असतं.

मुंगीनं थोडा वेळ ऐकलं. मग बापाकडे वळून म्हणाली, "डॅडी, आजी टॉक्स लाइक अ बँक." आणि गेली.

मुलगा ओशाळून हसला. "आई, पुढच्या रविवारी पुन्हा बघ. अगदी सोपं सांग. आणि नाहीच जमलं तर राहू दे, उगाच त्रास घेऊ नकोस."

"छे, त्रास कसला! मी मजेत आहे," बाई म्हणाल्या, आणि डावा हात हलवून निरोप घेतला.

डाव्या, कारण उजव्याचं मनगट दुखावलं होतं. न्हाणीघरात पाय घसरला आणि सगळा भार त्या हातावर आला. दवाखान्यात नर्सनं विचारलं होतं, "सोबत कोण आहे?" बाई म्हणाल्या होत्या, "येताहेत." कोण येणार होतं? पण रिकाम्या बाकाकडे बोट दाखवून 'कुणी नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. जाड पट्टी बांधलेला तो हात फोनच्या वेळी त्या टेबलाखाली मांडीवर ठेवायच्या. दिसला तर मुलगा घाबरेल, सून हळहळेल, आणि इतक्या लांबून ती दोघं करणार काय?

तो आठवडा बाईंनी गाढवाला वाहिला. एका हाताने टक टक करत गोष्ट कागदावर उतरवली आणि मोठ्याने वाचली. जिथे आपलाच दम संपतो, तिथे पोरीचं लक्षही संपणार. तेव्हा ते वाक्य मोडून त्याची दोन केली. एका वाक्यात गाढवाने एकच गोष्ट करायची: चालायचं, नाहीतर थांबायचं. मग शब्द चाळायला घेतले. जो शब्द आपण दारातल्या मांजराला म्हणणार नाही, तो मुंगीलाही म्हणायचा नाही. 'नेव्हरदलेस' गेला, 'ट्रान्सपोर्टेशन' गेलं, 'इनकन्व्हीनियन्स'चं नुसतं 'आउच' झालं. साहेबांनी पाहिलं असतं तर त्यांना भोवळ आली असती.

एक वाक्य मात्र मुद्दाम पुन्हा पुन्हा ठेवलं. वाटेत कोंबडी विचारते, बदक विचारतं, शेळी विचारते, आणि गाढव दर वेळी एकच म्हणतं, "आय अ‍ॅम फाइन." असं ठरलेलं वाक्य आलं, की पोरं आपणहून सूर मिळवतात, आणि सूर मिळवणारं पोर उठून जात नाही. गाढवाच्या चालीसाठी चमचा घेतला. आधी क्लिप-क्लॉप, क्लिप-क्लॉप. खडा शिरल्यावर क्लिप… आणि बऱ्याच वेळाने क्लॉप.

अडलं ते तात्पर्यापाशी. बाईंनी ठोकलं होतं, "द मॉरल इज दॅट वन शुड डिस्क्लोज वन्स डिफिकल्टीज अ‍ॅट द अर्लिएस्ट." वाचून त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. मोठ्याने हसल्या, आणि त्या मोकळ्या खोलीत आपलंच हसू ऐकून गप्प झाल्या. एकट्या माणसाचं हसू कुठे जाऊन टेकत नाही.

मग त्यांना मुलाचं लहानपण आठवलं. 'खोटं बोलू नये' म्हटलं की तो मान डोलवून खेळायला पळायचा. 'तू असतास तर काय केलं असतंस?' असं विचारलं की थबकायचा. म्हणजे तात्पर्य नोटीस लावल्यासारखं लावायचं नाही, ते पोराच्या तोंडून काढायचं. आधी गाढवाबद्दल विचारायचं, मग हळूच पोराबद्दल, आणि अगदी शेवटी एकच छोटं वाक्य, मुंगीच्या मुठीत मावेल एवढं. त्यांनी कागदावरचं तात्पर्य खोडलं आणि तिथे दोन प्रश्न लिहिले.

रविवार आला. मुंगी बापाच्या मांडीवर, अर्धवट उठण्याच्या तयारीतच बसली होती.

"देअर वॉज अ डाँकी," बाई म्हणाल्या आणि चमचा वाजवला. क्लिप-क्लॉप. "ही वॉज ओल्ड. ही कॅरीड बिग बॅग्ज." क्लिप-क्लॉप. "वन डे, अ स्टोन वेंट इन हिज फूट. आउच!"

मुंगी टेकून बसली.

चमचा लंगडू लागला. कोंबडी आली, चिरक्या आवाजात म्हणाली, "डाँकी, आर यू ओके?" गाढव जाड आवाजात म्हणालं, "आय अ‍ॅम फाइन." बदक आलं. "आय अ‍ॅम फाइन." शेळी आली तेव्हा बाई नुसत्या थांबल्या, आणि पडद्यातून मुंगीच जाड आवाज काढून ओरडली, "आय अ‍ॅम फाइन!" इतक्या वर्षांत त्या दोघींनी मिळून म्हटलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"सो दे ऑल वेंट होम. द डाँकी वॉज स्लो. इट गॉट डार्क. ही वॉज ऑल अलोन ऑन द रोड." बाईंनी चमचा खाली ठेवला. "मुंगी, व्हाय डिड ही नॉट टेल?"

मुंगीनं विचार केला. त्याला लाज वाटली असेल, म्हणाली. मग म्हणाली, सगळे त्याला रडका म्हणतील म्हणून.

"यस. अँड यू? डिड यू एव्हर हॅव अ स्टोन?"

मुंगीनं बोटं मोडली. "माय शूज वेअर वेट," ती हळूच म्हणाली. "आय सेड आय अ‍ॅम फाइन."

"वॉज द टीचर बॅड?"

"नो. शी डिड नॉट नो."

"शी डिड नॉट नो," बाई म्हणाल्या. "नोबडी कॅन सी इनसाइड अ शू. सो, व्हेन इट हर्ट्स, टेल. देन समवन कॅन हेल्प."

"व्हेन इट हर्ट्स, टेल," मुंगीनं घोकलं. बापाने मागून अंगठा वर करून शाबासकी दिली. जमलं होतं! बाईंना वाटलं, उठून कुणाला तरी सांगावं. सांगायला घरात कुणी नव्हतं.

पण मुंगीचं संपलं नव्हतं. तिच्या कपाळाला आठी पडली होती. "आजी, द गोट इज सिली."

"व्हाय?"

"डाँकी लंगडतंय हे तिला दिसत होतं की," अशा अर्थाचं काहीतरी ती इंग्रजीत तावातावाने म्हणाली. चमचा वाकडा वाजत होता, ते शेळीला ऐकू येत होतं. मग 'फाइन' म्हटलेलं तिने खरं का मानलं? पाय उचलून का नाही बघितला? "आय विल टेल द क्लास. डोंट जस्ट आस्क. लुक अ‍ॅट द फूट."

या तात्पर्याची बाईंनी तयारी केली नव्हती. "गुड," त्या कशाबशा म्हणाल्या. "व्हेरी गुड. नाऊ बाय-बाय." आणि हात हलवला.

मुंगीनं हात हलवला नाही. पडद्याच्या अगदी जवळ आली, इतकी की नुसते डोळेच दिसू लागले.

"आजी, यू ऑलवेज वेव्ह विथ द अदर हँड."

"आय अ‍ॅम…" बाई म्हणाल्या. पुढचा शब्द सवयीने जिभेवर आला होता. तोच शब्द आत्ता दोघींनी जाड आवाजात मिळून म्हटला होता. तो बाहेर पडेना.

"शो मी," मुंगी म्हणाली.

पलीकडे मुलाचं हसू विरलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आई? काय झालंय हाताला?"

बाईंनी टेबलाखालून पट्टीचा हात काढला आणि पडद्यासमोर धरला. दुखत होता. "आउच," त्या म्हणाल्या, आणि दवाखान्यातल्या त्या बाकापासून इतके दिवस थोपवून धरलेलं रडू त्यांना आवरलं नाही.