आधी पाय जातात

गुरुवारी सकाळपासून माझा शिपाई धड मरत नव्हता. मरायचा, पण कोसळताना त्याचा डावा गुडघा उलट्या बाजूला, पोटरी पुढे येईल असा वाकायचा. मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. आमच्या वाडीत नेट म्हणजे देव पावल्यासारखं कधीतरी येतं, म्हणून महाडला खोली घेऊन राहते. कंपनीत माझ्याकडे काम एकच, हरलेलं पात्र पडतं कसं ते ठरवायचं. जिवंत असेपर्यंत पात्राच्या हालचाली आधी तयार केलेल्या असतात. हरलं की त्या थांबवायच्या आणि शरीर वजनाच्या, गुरुत्वाकर्षणाच्या हवाली करायचं. त्या शरीरात पंधरा तुकडे असतात, डोकं, छाती, दंड, मांड्या असे, आणि ते सांध्यांनी जोडलेले. कुठला सांधा किती फिरू द्यायचा याची मर्यादा मीच घालते. गुडघा एकाच दिशेला, शून्यापासून एकशे तीस अंशांपर्यंत. खांदा सैल, मान जेमतेम. डाव्या गुडघ्याचा अक्ष मीच उलटा दिला होता, हे दुपारी कळलं तेव्हा स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

दादा त्या दिवशी पंपाची मोटार दुरुस्तीला टाकायला महाडला आला होता. माझा सख्खा थोरला भाऊ. वाडीतली शेती तोच बघतो. मोटार मिळायला वेळ होता म्हणून खोलीवर चहाला आला आणि माझ्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत राहिला. गुडघा सुधारला होता. शिपाई बुरुजाच्या कडेवर लढत होता, मी त्याला शेवटचा वार दिला. सगळे सांधे एका क्षणात सैल, आणि गडी खाली.

"असं नाय पडत माणूस," दादा म्हणाला.

मला रागच आला. सोमवारी कंपनीला दाखवायचं होतं, त्यात ज्याला त्याला अक्कल. "मग कसा पडतो? तूच सांग."

"हे पोतं पडल्यागत झालं. आधी पाय जातात गो. मग कंबर. हात शेवटपर्यंत धरून असतात. बोटं तर सगळ्यात शेवटी सुटतात." हे सांगताना त्याने स्वतःचा उजवा हात पुढे करून मूठ वळली. मग चहा तसाच टाकून मोटार आणायला निघून गेला.

म्हणणं बरोबर होतं, हे मी चडफडत का होईना मान्य केलं. दोन दिवस त्यावर घालवले. हरल्याच्या क्षणी शरीराची शेवटची हालचाल, प्रत्येक तुकड्याचा वेग आणि फिरण्याचा जोर तसाच पुढे दिला, म्हणजे मध्येच गचका बसत नाही. प्रत्येक सांध्यात एक जोर ठेवला, जो शरीराला आधीच्या हालचालीकडे ओढत राहतो. पायांतला जोर लगेच शून्य. कमरेतला पाव सेकंदात कमी होत जाणारा. हातांतला मात्र पाऊण सेकंद टिकणारा, आणि बोटांच्या पकडीचा त्याहून थोडा जास्त. पकड धरायची हालचाल आमच्या चित्रकाराने आधीच केलेली होती, ती हातांना दिली. मग पहिल्यांदा चालवून बघितलं. शिपायाचे पाय गेले, धड लटकलं, हात कडेला चिकटून राहिला, आणि मग सुटला. आता तो माणूस वाटत होता.

रविवारी कापडे गावाच्या वरच्या आमच्या वाडीत घरी गेले ती लॅपटॉप घेऊनच. दुपारी ओटीवर दादाला बसवलं. मला शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही.

त्याने बघितलं. "परत पाड," म्हणाला. मी पाडला. "परत." असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्याच्या कपाळावर घाम आलेला बघितला आणि मी हात आखडला.

"असंच," तो म्हणाला. "असाच लटकला होता तो."

मला आधी कळेना, मग कळलं तो कुणाबद्दल बोलतोय. दोन पावसाळ्यांपूर्वी दादा आणि त्याचा जिवाभावाचा मित्र चुकलेलं जनावर शोधायला वरच्या कड्याकडे गेले होते. मित्र दरीत पडला, दुसऱ्या दिवशी सापडला. दादाने आम्हाला, पोलिसांना, सगळ्या वाडीला एकच सांगितलं होतं: पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं, तिथल्या तिथे शुद्ध गेली, अंग सैल पडलं आणि हातातून निसटला. त्याला काही कळलंसुद्धा नाही. मित्राची बायको, आमची वहिनी, चार घरं सोडून राहते. तिला या एवढ्या वाक्याचा आधार आहे असं आम्हाला वाटायचं. गणपतीत, शिमग्याला, भेटेल तेव्हा ती दादाला विचारायची, "भावजी, त्यांना काय कळलं नाय ना?" आणि दादा म्हणायचा, "नाय वहिनी."

शुद्ध गेलेल्या माणसाचा हात शेवटपर्यंत धरून राहत नाही. हे मला आता दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. दोन दिवस मी तेच तर मांडत होते.

"दादा," मी म्हटलं, "तो शुद्धीवर होता?"

"माझी बाही धरली होती त्यानं. मी पण खाली चाललो होतो. एका हातानं कारवीचं झुडूप धरलेलं, ते मुळासकट निघायला लागलं." तो पडद्याकडेच बघत होता. "मी हात झटकला गो. माझ्या तोंडाकडं बघत होता तो."

मला संताप आला, कणव आली, लाजही वाटली. लॅपटॉप खाडकन मिटला एवढंच केलं. मान वर केली तर अंगणात वहिनी उभी होती, हातात दोन तवशी, परसातल्या मोठ्या काकड्या, घेऊन. किती वेळ उभी होती देव जाणे.

तिने तवशी ओटीच्या कडेला ठेवली. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, पण दादा उभा राहिला होता.

"वहिनी, मी खोटं बोललो. त्याला कळलं होतं. त्यानं मला धरलं होतं, मीच सोडवून घेतलं."

मला वाटलं ती किंचाळेल, निदान मटकन खाली तरी बसेल. ती नुसती दादाच्या बाहीकडे बघत राहिली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "दवाखान्यातनं त्यांच्या कपड्यांचं गाठोडं दिलं, त्यात एक कागदाची पुडी होती. मुठीत सापडलं म्हणाले. तुमच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाच्या बाहीचा तुकडा, बटनासकट. तो माझ्या पेटीत हाय."

दादा खांबाला धरून हळूहळू खाली बसला. दोन वर्षं तो तुकडा घरात ठेवून ती सणासुदीला आमच्या दारात येत होती.

"मग दर वेळी विचारायचीस कशाला गं?" मी कसंबसं म्हटलं.

"तुमच्या पोराबाळांसाठी सोडवून घेतलंत भावजी, त्याचा राग नाय माझा," ती माझ्याकडे न बघता दादालाच म्हणाली. "पन शेवटी ते काय बोलले, ते तुमच्याशिवाय कुनाला म्हाईत हाय? तुमी खरं बोलल्याबिगर ते कसं विचारनार मी?"