वाचवलेला चेक

आमच्या घरातलं चेकबुक आता बायकोच्या ताब्यात असतं. मला एक पान हवं असेल तर कशाला हवं ते सांगावं लागतं. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला हे झोंबतं, पण मी बोलत नाही. बोलायला तोंड उरलेलं नाही.

तिच्या हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्या होत्या. एक कोल्हापुरात तातडीने उघडली. दुसरी सहा आठवड्यांच्या आत उघडायची, त्यापुढे थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते हॉस्पिटल विमा कंपनीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे आधी आपण भरायचे आणि मग कंपनीकडून परत मिळवायचे. पहिल्या खेपेला निवृत्तीची सगळी ठेव मोडली. दुसऱ्या खेपेला भरायचे पैसे म्हणजे पहिल्या खेपेचे परत मिळणारे पैसे. दुसरं काही नव्हतं.

क्लेमचे कागद मी स्वतः लावले. अस्सल बिलं, डिस्चार्ज कार्ड, पॅन, आधार, प्रत्येक झेरॉक्सवर सही. उभ्या जन्मात मी लोकांना "एक कागद कमी आहे, उद्या या" म्हणून रत्नागिरीच्या उन्हात परत धाडलं होतं. माझी फाइल कोण परत करणार? मग राहिला कॅन्सल चेक. चेकबुक काढलं आणि हात अडखळला. चांगलं कोरं पान दोन रेघा मारून फुकट घालवायचं? कपाटात जुन्या चेकबुकाची सात पानं होती. आमची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली त्याआधीची. तशीही वायाच जाणार होती. छापलेलं नाव माझंच होतं. त्यातलं एक घेतलं, आडव्या दोन रेघा मारल्या, मध्ये "कॅन्सल्ड" लिहिलं, सही केली नाही. खाते नंबर आणि शाखेचा कोड त्याच चेकवरून फॉर्मवर उतरवला, म्हणजे फॉर्म आणि चेक तंतोतंत जुळले. मी खूश झालो होतो, हे कबूल करतो.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी मेसेज आला. क्लेम मंजूर, रक्कम खात्यात पाठवली, खात्याचे शेवटचे चार आकडे अमुक. तो नंबर मला तीस वर्षं तोंडपाठ होता. मी ओट्यापाशी जाऊन म्हटलं, "उद्यापर्यंत जमा."

"मग गुरुवारची गाडी सांगूया काय?" ती म्हणाली.

मंगळवारी जमा झाले नाहीत. बुधवारी दुपारी अनोळखी नंबरवरून एका बाईंचा फोन आला. क्लेमची रक्कम परत आली आहे, खात्याचा योग्य तपशील आणि नवा कॅन्सल चेक पाठवा. झालं! बँकेचा तपशील फोनवर मागणारे चोरच असतात, हे आमच्या कट्ट्यावर रोज चघळलं जातं. मी त्या बाईंना असं काही फैलावर घेतलं की शेजारच्यांनी खिडकी उघडली. फोन आपटला आणि बायकोला म्हटलं, "बघितलंस? मला फसवायला निघाली!"

ती पलंगावर बसली होती. "होय," एवढंच म्हणाली.

गुरुवारी गाडी रद्द केली. पासबुक छापायला बँकेत गेलो; पेन्शनच्या खाली कोरी जागा. शुक्रवारीही तेच. शनिवार-रविवार मी घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. पैसे मंजूर झालेत, निघालेत, आणि पोचलेले नाहीत. मग आहेत कुठे? माझाच नंबर बँकेने दुसऱ्या कुणाला दिला असेल आणि त्याने काढून खाल्ले असतील तर? तिला मात्र सांगत होतो, "सरकारी सुट्टी होती, म्हणून अडकलेत." ती तेही मुकाट ऐकत होती, आणि तिचं ते मुकाट ऐकणं मला बरं वाटत होतं.

सोमवारी पॉलिसी देणाऱ्या एजंट मुलीकडे गेलो. गल्लीतलीच पोर, पण कामाला चोख. तिने कंपनीच्या साइटवर माझा क्लेम काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"काका, ह्या नंबराचं खातंच नाय म्हणून बँकेने पैसे परत पाठवलेत. तुम्ही जुन्या बँकेचं पान दिलंत काय?"

मी स्क्रीनवरचे शेवटचे चार आकडे वाचले. तेच, तोंडपाठ.

"बँका एक झाल्या तेव्हा सगळे नंबर बदलले, शाखेचा कोडपण. नवीन पासबुक दिलं नव्हतं काय त्यांनी?"

दिलं होतं. त्याला मी प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा घातलं होतं.

"पैसे कुणी घेतले तर नाहीत ना?" मी विचारलं.

"नाय हो. कंपनीकडे परत गेलेत. पण योग्य खातं दिल्याशिवाय ते परत सोडणार नायत. त्यांनी बुधवारी तुम्हाला फोनपण केलेला, इथे नोंद आहे." तिने वाचून दाखवलं, "ग्राहकाने माहिती देण्यास नकार दिला."

मी म्हटलं, तुझ्या काकूच्या नावाचं पतपेढीचं खातं आहे, ते दिलं तर लवकर होईल? तिने नकारार्थी मान हलवली. पॉलिसी माझ्या नावावर, म्हणून पैसे माझ्याच खात्यात येणार. आजारी कोण हा प्रश्न वेगळा. काय आणायचं तेही तिने सांगितलं: नव्या चेकबुकाचं पान, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत बँकेच्या शिक्क्यानिशी, पॅन, आधार आणि खातं बदलण्याचा अर्ज. "आणि रेघा अशा मारा की नंबर, कोड आणि नाव वाचता आलं पाहिजे."

धावत घरी आलो. नव्या चेकबुकातलं पान घाईत ओढलं, ते तिरकं फाटलं. नंबरच अर्धा गेला. दुसरं फाडलं. दोन पानं गेली. ती दारात उभी राहून बघत होती. मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "होईल," आणि भिंतीला हात लावत आत गेली. भिंतीला हात का लावते, हे मी विचारलं नाही.

कागद त्याच दिवशी गेले. शुक्रवारी दुपारी पैसे आले. या वेळी पासबुक छापून डोळ्यांनी बघितलं आणि मगच घरी आलो. "आले!" म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आत्ताच निघूया काय?" तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तेव्हा मला भीती वाटली, आतापर्यंतची सगळी भीती फिकी पडेल अशी. आंबा घाट चढताना ती डोळे मिटून होती, आणि मी दर वळणावर तिचं मनगट धरून नाडी चालू आहे का बघत होतो.

कोल्हापुरात तिला थेट आत घेतलं. डॉक्टर तपासताना म्हणाले, "आजी, हे दुखणं आजचं नाही. कधीपासून?"

"हे फोनवर त्या बाईंना ओरडले ना, त्या दुपारपासून," ती म्हणाली. "पैसे नव्हते आलेले. सांगून काय झालं असतं? हे आणखी घाबरले असते."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. पेन केसपेपरवर टेकवून ते माझ्याकडे वळले. "म्हणजे नक्की किती दिवस?"

ते मला सांगावं लागलं. "नऊ," मी म्हटलं.