मंदाबाईचं सहावं कलम

मंदाबाईला वाचता येतं फक्त स्वतःचं नाव आणि तारीख. तेवढ्यावर तिने मॅनेजरला सकाळभर फाटकात उभं केलं. मी तिथंच होते, म्हणून सांगते.

नरडाण्याच्या अलीकडे आमची सहकारी जिनिंग आहे. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की आम्हा अकरा बायांना एकेक लेटर मिळतं. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस निवडून बाजूला काढायचा आणि मशीनला चांगला कापूस द्यायचा, एवढं काम. मी नववीत शाळा सोडली, तरी आमच्यात वाचणारी मीच, म्हणून दरवर्षी लेटर मीच वाचून दाखवते. नेमणूक तात्पुरती. रोजंदारी. कायम होण्याचा किंवा पुढच्या हंगामाचा हक्क सांगता येणार नाही. दहा एप्रिलला काम आपोआप संपेल, वेगळी नोटीस नाही.

पाचव्या कलमापर्यंत मंदाबाई तंबाखू मळत ऐकते. सहावं आलं की म्हणते, "पुनम, हे परत वाच." सहावं असं की, हंगाम लांबला तरी लेखी मुदतवाढ दिल्याशिवाय कोणाचं काम पुढे चालू समजलं जाणार नाही.

ती हे परत का वाचायला लावते, ते आमच्यासोबत मशीनवर असणाऱ्या उखर्डूभाऊला विचारा. गेल्या साली मुदत सरून दोन दिवस झाले होते. मॅनेजरच्या तोंडी शब्दावर तो मशीनवर गेला आणि पट्ट्यात त्याची दोन बोटं गेली. ऑफिसने हजेरीपट पुढे केला. "हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच." त्याचा हात आम्ही लुगड्याच्या पदरात गुंडाळून नेला, तरी तो कामावर नव्हता.

यंदा अकरा एप्रिलला सकाळी फाटकाबाहेर सोळा ट्रॉल्या उभ्या होत्या. आत कापसाचा ढीग उघड्यावर आणि वर ढग दाटलेले. मॅनेजर पाटील पळत आले.

"चला बायांनो, अध्यक्षांनी हंगाम पंचवीसपर्यंत वाढवलाय. मशीन सुरू करा."

मंदाबाई फाटकाजवळच्या दगडावर बसली. "कागद कोठे शे?"

"येईल हो संध्याकाळपर्यंत."

"मंग आम्ही संध्याकाळी येतस."

मागच्या दहाही जणी खाली बसल्या. मी तर चप्पलही काढून ठेवली.

"मंदाबाई, शेतकऱ्यांचा कापूस भिजेल. तुला काही वाटतं का?"

"वाटस ना, साहेब. म्हणीसनीच सकायपासून आठे बठेल शे."

पहिल्या ट्रॉलीवरून झुलाल आबा ओरडले, "ए मंदा, सोड ना आता, माझा कापूस तीन दिवसांचा उभाय."

"आबा, उखर्डूना हात दखा आणि मंग बोला."

आबांनी उखर्डूकडे पाहिलं. तो वजनकाट्याजवळ हात खिशात घालून उभा होता. आबा ट्रॉलीवरून उतरले आणि मॅनेजरला म्हणाले, "पाटील, एक कागद लिहायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

पाटलांनी ऑफिसात कागद तयार करून मोबाईलवर पाठवला आणि फोन लावला. अध्यक्ष चाळीसगावला लग्नात होते. अर्ध्या तासाने सही केलेल्या कागदाचा फोटो मोबाईलवर आला. ऑफिसातून छापील कागद बाहेर आला तसा मी हिसकावून वाचला. मुदत अकरा ते पंचवीस, बाकी अटी पूर्वीच्याच. खाली नावं होती दहा.

"मंदाबाई नाही यात," मी म्हटलं.

"यादी वरून आली आहे," पाटील म्हणाले.

"वरून म्हणजे तुमच्या टेबलावरून. त्या कंप्युटरवर एक नाव कमी करायला दोन मिनिटं लागतात, वाढवायला किती?"

कोणाला काही सांगावं लागलं नाही. उठलेल्या कुंदाबाई परत बसल्या, मग बाकीच्याही. मंदाबाई एकटीच उभी राहिली. पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरलेला दिसला. घरात कमावणारी तीच.

"तुम्ही जा वं पोरीसहोन," ती हळूच म्हणाली. "मनी काळजी नका करू."

"गप बस," मी म्हटलं. मोठ्या बाईला असं बोलू नये, पण बोलले.

टीन शेडवर पाण्याचे चार थेंब वाजले. झुलाल आबांसकट सगळे ट्रॉलीवाले पाटलांकडे बघायला लागले. पाटील आत गेले, परत फोन लावला. दुसरा कागद आला तेव्हा खाली अकरा नावं होती, आणि मंदाबाईचं अगदी शेवटी.

"पुढच्या वर्षी बघू," पाटलांनी दम दिला. "लेटरात स्पष्ट लिहिलंय, पुढच्या हंगामाचा हक्क नाही."

"बरोबर शे साहेब. आमनं लेटर शे पंचवीसलोंग." तिने अंगठ्याला शाई लावून न घेता पेन मागितला आणि सावकाश नाव लिहिलं. "तुमनं कवलोंग शे?"

पाटलांची नेमणूकही अध्यक्षांच्या कागदावरच, ती कधीपर्यंत ते पाटलांनाही ठाऊक नव्हतं. झुलाल आबा ट्रॉलीला टेकून खोकेपर्यंत हसले.

उखर्डूने कागदाचे तीन फोटो काढले. मंदाबाईने पदर खोचला, पट्ट्यावरची जाळी दोनदा हलवून पाहिली आणि मगच मशीन सुरू करायला सांगितलं.